रमदान मुबारक म्हणायचं, पण कधी, कसं आणि पुढे काय?

*ताई, आमच्या टीममध्ये नुकतेच एक वरिष्ठ सहकारी रुजू झाले आहेत. अरबी ही त्यांची मातृभाषा, ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. रमजान तोंडावर आलाय आणि सुरुवातीला त्यांना अरबीत शुभेच्छा द्याव्यात असं मनात आहे. पण नेमकं काय म्हणायचं, ते उत्तरात काय म्हणतील आणि त्यावर मी काय बोलायचं, यातलं काहीच मला ठाऊक नाही. मी मुस्लिम नाही. जास्त सलगी केल्यासारखं किंवा उगाच धार्मिक वाटेल का, याची धाकधूक आहे. टीमच्या ग्रुपवर टाकू, मेल करू की समोर जाऊन बोलू?*
*– एक संकोची सहकारी*

दोन शब्द पाठ करा: ‘रमदान मुबारक’. अरबी बोलणारा माणूस कुठल्याही देशाचा असो, त्याला हे कळतं, आवडतं आणि कुणाच्याही तोंडी ते शोभतं. म्हणणारी व्यक्ती मुस्लिम असायला हवी अशी काही अट नाही. अरब देशांतले ख्रिस्ती लोकही आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना या महिन्याच्या शुभेच्छा देतात, तेव्हा तुमच्या तोंडून त्या ऐकून कुणी चमकणार नाही.

उच्चाराचा बाऊ करू नका. ‘रमदान’मधला ‘दा’ लांबवायचा आणि जोर त्यावरच द्यायचा. ‘मुबारक’मध्ये ‘बा’ लांब. तो ‘द’ अरबीत आपल्या ‘द’पेक्षा जड असतो, जीभ पसरून आणि आवाज मागून भरून काढलेला. अरब लोक कौतुकाने स्वतःच्या भाषेला ‘दादची भाषा’ म्हणतात ते याच अक्षरामुळे, म्हणजे तो तुम्हाला एका आठवड्यात जमावा अशी अपेक्षा कुणाचीच नाही. साधा ‘द’ म्हणा. हेच अक्षर फारसीत आणि उर्दूत गेल्यावर ‘ज’सारखं झालं, म्हणून आपण रमजान म्हणतो. दोन्ही बरोबर आहेत. यातला एकच उच्चार ‘खरा’ म्हणून वाद घालणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. समोरचा माणूस जे म्हणतो ते आपण म्हणावं. तुमचे सहकारी अरबीभाषक आहेत, म्हणून ‘रमदान’. उद्या उर्दू बोलणाऱ्या कुणाला शुभेच्छा द्यायच्या झाल्या तर बेलाशक ‘रमजान मुबारक’ म्हणा.

आता तुम्ही इंटरनेटवर शोधाशोध केली असणारच, आणि तिथे आणखी दोन-तीन शुभेच्छा सापडल्या असतील. त्यातली ‘रमदान करीम’ ही तर सगळीकडे दिसते. करीम म्हणजे उदार. ‘हा महिना तुम्हाला भरभरून देवो’ असा तिचा भाव. बहुतेक अरब ती सहज वापरतात. काही धर्मपंडितांचा मात्र तिच्यावर आक्षेप आहे. देणारा अल्लाह, महिना स्वतःहून काय देणार, असं त्यांचं म्हणणं. बहुतेकांना हा आक्षेप फार ताणलेला वाटतो. तरी ऑफिसात आपल्याला समोरच्याची मतं कुठे ठाऊक असतात? ज्या शब्दांबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही ते हाताशी असताना दुसरे कशाला निवडायचे.

‘कुल्लु आम व अन्तुम बिखैर’ ही तिसरी. दरवर्षी तुमचं कुशल असो, अशा अर्थाची. ही मला व्यक्तिशः फार आवडते, कारण ती ईदला चालते, नववर्षाला चालते, वाढदिवसालाही चालते आणि तिच्यात धर्माचा उल्लेखसुद्धा नाही. पण नवख्या माणसाला तिच्यात एक अडचण येते. अरबीत ‘तू’ पुरुषाला वेगळा आणि स्त्रीला वेगळा. एका पुरुषाला बोलताना ‘व अन्त बिखैर’, स्त्रीला ‘व अन्ति बिखैर’, अनेकांना किंवा अदबीने बोलताना ‘व अन्तुम बिखैर’. आयत्या वेळी जीभ अडखळली की वरिष्ठ पुरुष सहकाऱ्याला आपण स्त्रीलिंगी शुभेच्छा देऊन बसतो. ते हसून सोडून देतील, पण तुमचा संकोच दुप्पट होईल. ‘रमदान मुबारक’मध्ये ही भानगडच नाही. पुरुष, स्त्री, एक, अनेक, सगळ्यांना तेच दोन शब्द. तुमच्यासारखीला मी तीच शुभेच्छा सुचवते, याचं खरं कारण हे आहे.

उत्तराकडे वळू, कारण माझ्या अनुभवात लोक तिथेच गांगरतात. शुभेच्छा तर पाठ करून दिली, पण समोरून चार अनोळखी शब्द आले की चेहरा कोरा पडतो.

‘रमदान मुबारक’ला नेहमीचं उत्तर आहे ‘अल्लाह युबारिक फीक’. अल्लाह तुझ्यावर कृपा, बरकत ठेवो. रोजच्या बोलण्यात ते ‘अल्लाह यबारिक फीक’ किंवा त्याहून घाईत ‘अल्ला इबारिक फीक’ असं ऐकू येईल. आणि इथे लिंगभेद पुन्हा येतो. पुरुषाला ‘फीक’, स्त्रीला ‘फीकी’, अनेकांना किंवा आदराने ‘फीकुम’. म्हणजे तुम्हाला बहुधा ‘अल्लाह यबारिक फीकी’ ऐकू येणार. मराठी कानाला ते भलतंच वाटेल, पण तुमच्या शुभेच्छेला कुणी फिकी म्हणत नाहीये.

हे उत्तर ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही ‘मुबारक’ म्हणालात, त्यात ब, र, क ही अक्षरं आहेत. उत्तरातल्या ‘यबारिक’मध्येही तीच तीन अक्षरं. अरबीत अशी जोडउत्तरं पुष्कळ: ज्या धातूपासून शुभेच्छा बनली त्याच धातूतून उत्तर उचलायचं आणि ते परत करायचं. ‘रमदान करीम’चं उत्तर ‘अल्लाहु अक्रम’, म्हणजे अल्लाह सर्वांत उदार, हेही त्याच घडणीचं: करीम आणि अक्रम. (ज्या पंडितांचा ‘करीम’वर आक्षेप आहे त्यांचं समाधान खरं तर या उत्तरातच व्हायला हवं, पण ते असो.) ‘अक्रम’ घाईत ऐकलं तर ‘अकबर’ वाटू शकतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

उत्तराची दुसरी तऱ्हा म्हणजे ‘अलैना व अलैक’, म्हणजे ‘आम्हाला आणि तुम्हालाही’. स्त्रीला ‘अलैना व अलैकी’, अनेकांना ‘अलैना व अलैकुम’. आखाती देशांतले लोक मुळात शुभेच्छाच ‘मुबारक अलैकुम अश्शहर’, हा महिना तुम्हाला शुभ असो, अशी देतात आणि तिला हे उत्तर अगदी चपखल बसतं. इजिप्तचा माणूस असेल तर ‘कुल सना व इन्ति तय्यिबा’ असं काहीसं म्हणेल. त्याचा अर्थ वरच्या ‘कुल्लु आम’सारखाच, फक्त बोली त्यांची. हे सगळं पाठ करायची गरज नाही. स्वर प्रेमळ असेल, ओठांवर हसू असेल, तर उत्तरच आलं असं समजावं.

आणि उत्तराला उत्तर? काही नाही. शुभेच्छा आली, परत गेली, व्यवहार पूर्ण झाला. ते ‘शुक्रन’ म्हणजे धन्यवाद म्हणाले तर तुम्ही ‘अफवन’ म्हणा, त्याचा उपयोग ‘त्यात काय एवढं’ असा होतो. तेही आठवलं नाही तर मान हलवून हसा. प्रत्यक्षात हे इतकं लहान असतं:

– गुड मॉर्निंग. रमदान मुबारक!
– अल्लाह यबारिक फीकी! शुक्रन, शुक्रन.
– अफवन. तुम्हाला आणि घरच्यांना हा महिना छान जावो.

‘अफवन’नंतरचं वाक्य ज्या भाषेत तुम्ही एरवी बोलता त्यात, म्हणजे तुमच्याकडे इंग्रजीत. आणि मग लगेच आपल्या खुर्चीकडे. पंधरा सेकंदांचं काम.

उलटही घडू शकतं. ते आधीच खुशीत असतील आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत तेच ‘रमदान करीम!’ म्हणतील. तेव्हा ‘अल्लाहु अक्रम’ म्हणता आलं तर उत्तम, ते खुश होतील. पण देवाचं नाव घेऊन बोलणं तुम्हाला अवघड वाटत असेल तर ‘शुक्रन, रमदान मुबारक’ हेही तितकंच सभ्य उत्तर आहे. ‘कुल आम व अन्ति बिखैर’ आलं तर ‘व अन्त बिखैर’, म्हणजे तुमचंही कुशल असो. इथे ते पुरुष, म्हणून ‘अन्त’.

एक शब्दप्रयोग मात्र मुद्दाम टाळा: ‘तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम’. यादीत तो सापडेल आणि भारदस्त वाटेल. अल्लाह आमच्याकडून आणि तुमच्याकडून स्वीकारो, असा त्याचा अर्थ. स्वीकारो म्हणजे काय, तर उपवास आणि प्रार्थना. तो एका उपासकाने दुसऱ्या उपासकाला म्हणायचा, आणि तोही बहुतेक ईदला. तुम्ही रोजे ठेवत नाही, नमाज पढत नाही, तर त्यातल्या ‘आमच्याकडून’ला काही अर्थ उरत नाही. तुम्हाला जे ‘उगाच धार्मिक’ वाटण्याची भीती आहे ते इथे वाटेल, ‘मुबारक’ने नाही. ‘अस्सलामु अलैकुम’ने सुरुवात करावी का, असाही प्रश्न पडेल. तुम्ही एरवी त्यांना गुड मॉर्निंग म्हणत असाल तर त्या दिवशीही गुड मॉर्निंगच म्हणा. सगळा पोशाख एकाच दिवशी बदलला की बहुरूप्यासारखं दिसतं.

आता वेळ. इथे चुका जास्त होतात, आणि दोष कॅलेंडरचा असतो. इस्लामी महिना चंद्रावर चालतो आणि दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रमजानच्या आधीचा महिना शाबान. त्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली तर त्याच संध्याकाळी रमजान लागला. नाही दिसली तर शाबानचे तीस दिवस पुरे करायचे आणि रमजान दुसऱ्या संध्याकाळी. रमजानच्या रात्रींची खास नमाज म्हणजे तरावीह, ती पहिल्यांदा त्याच रात्री होते, आणि पहिला रोजा त्यानंतरच्या पहाटेपासून. छापील कॅलेंडरवरची तारीख त्यामुळे अंदाजाची असते. सौदी अरेबियात चंद्रदर्शनाची घोषणा आदल्या संध्याकाळीच होते. तुर्कस्तानात खगोलगणितावरून तारीख आधीच ठरलेली असते. काही समाज आपापल्या भागात चंद्र दिसण्याची वाट पाहतात. एकाच ऑफिसातल्या दोन मुस्लिम सहकाऱ्यांचा रमजान एका दिवसाच्या फरकाने सुरू झाला तर त्यात कुणाचं काही चुकलेलं नसतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की आदल्या दुपारी घाईने शुभेच्छा देऊन टाकू नका. त्या दिवशी त्यांना स्वतःलाच पक्कं ठाऊक नसतं. चंद्राची बातमी आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात भेटाल तेव्हा बोला. तोच पहिल्या रोज्याचा दिवस. समजा त्या दिवशी ते रजेवर असले किंवा तुमची सुट्टी असली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही शुभेच्छा ताजीच असते. पहिला आठवडा उलटून गेल्यावर प्रथमच भेट झाली तरी ‘रमदान मुबारक’ चुकत नाही. महिना संपेपर्यंत ते बरोबरच आहे, फक्त त्याला आरंभाची शुभेच्छा म्हणता येणार नाही. उशीर झाला म्हणून गप्प बसणारे लोक मी पाहते, त्याची काहीच गरज नाही.

मोबाईलमध्ये आठवण लावत असाल तर ‘दरवर्षी’ हा पर्याय निवडू नका. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये तर तो दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. दरवर्षीची आठवण लावून ठेवलेल्या माणसाची त्या वर्षी चांगलीच फजिती व्हायची.

कुठे बोलायचं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. समोर भेट होणार असेल तर समोर, एकट्याने, उभ्याउभ्या. भेट होणारच नसेल, ते दुसऱ्या शहरातून काम करत असतील, तर त्यांना एकट्यांना मेसेज. ग्रुपचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या ग्रुपवर इतर सगळ्यांच्या सणांना शुभेच्छा टाकायची पद्धत असेल तर रमजानलाही टाका, त्याच सुरात, तितक्याच शब्दांत. पण तशी पद्धत नसताना फक्त त्यांच्यासाठी, त्यांना टॅग करून शुभेच्छा टाकली, की वीस जणांच्या देखत ते एकटे ‘आपले मुस्लिम सहकारी’ होऊन बसतात. नवीन माणसाला ते अवघडच जातं, आणि मग सौजन्याखातर वीस जणांना वीस वेळा धन्यवाद म्हणत बसावं लागतं. तुमच्या मनातला सलगीचा संकोच होता ना, तो खरं तर इथे बाळगावा.

मेल किंवा मेसेज लिहायचा झाला तर तो एवढाच असावा:

‘नमस्कार. रमदान मुबारक! हा महिना तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना सुखाचा आणि शांततेचा जावो.’

विषयाच्या ओळीतही ‘रमदान मुबारक’ पुरे. त्याच मेलखाली ‘आणि हो, तो रिपोर्ट आज मिळेल का?’ हे वाक्य कृपा करून जोडू नका. कामाचा मेल वेगळा पाठवा, अर्ध्या तासाने का होईना. शुभेच्छेच्या पाठीवर काम लादलं की शुभेच्छा ही कामाची प्रस्तावना वाटते. चंद्रकोर आणि कंदील असलेलं एखादं साधं चित्र जोडलंत तर हरकत नाही. कुराणातल्या आयती छापलेली फॉरवर्ड मात्र पाठवू नका. त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येत नाही, आणि श्रद्धाळू माणसाला असं पवित्र वचन फोनमधून पुसून टाकतानाही चुटपुट लागते.

वरिष्ठ आहेत, म्हणून स्वर थोडा अदबीचा ठेवावा एवढंच. उद्गारचिन्ह एक. इमोजी तुम्ही एरवी त्यांना पाठवत नसाल तर आजही नको. समोर बोलताना हात पुढे करण्याची घाई करू नका. काही मुस्लिम पुरुष परस्त्रीशी हस्तांदोलन करत नाहीत, काही सहज करतात, आणि ते कुठल्या गटातले हे तुम्हाला अजून ठाऊक नसेल. त्यांनी हात पुढे केला तर द्या. त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली तर तीच त्यांची आदराची रीत, तुम्हीही तसंच करा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ज्यावर सगळं बिघडतं, ते. शुभेच्छेनंतरचा प्रश्न. माणसाला वाटतं की दोन शब्दांवर थांबणं कोरडं आहे, आणि मग आपुलकीने विचारलं जातं, ‘मग, तुमचा रोजा आहे का आज?’ हा प्रश्न विचारू नका. आजारी, प्रवासी, वृद्ध, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना रोज्यातून सवलत आहे, आणि पाळीच्या दिवसांत स्त्रिया रोजा ठेवतच नाहीत. म्हणजे ‘नाही’ असं उत्तर देणाऱ्याला पाठोपाठ आपली तब्येत किंवा शरीर उलगडून सांगावं लागतं. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने हे ऑफिसच्या पॅसेजमध्ये का सांगावं? आणि काहीजण मुस्लिम असून रोजे ठेवत नाहीत, तो त्यांचा प्रश्न. तुम्ही दिलेली शुभेच्छा महिन्याची आहे. रोजा असो वा नसो, ती लागू पडतेच. दुपारी ते पाणी पिताना दिसले तरी भुवई उंचावायची नाही.

दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, ‘काय सांगता, पाणीसुद्धा नाही?’ होय, पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि हा प्रश्न त्यांनी दर वर्षी इतक्यांदा ऐकलेला असतो की उत्तर देताना तेच थकतात. वजन किती कमी होईल यावरचे विनोदही त्याच पंगतीतले. आणि कणव नको. ‘बिच्चारे, दिवसभर उपाशी’ असा चेहरा केलात की मुबारक शब्दाचा अर्थच उलटा होतो. त्यांच्या लेखी हा वर्षातला सर्वांत आनंदाचा महिना असतो, ज्याची ते आदल्या दोन महिन्यांपासून वाट पाहतात. ते स्वतःहून काही सांगू लागले, घरची आठवण काढू लागले, तर मात्र मनापासून ऐका. मग विचारायलाही हरकत नाही, दार त्यांनी उघडलेलं असतं.

कामाच्या वेळांबद्दल काही करायचं असेल तर ते शुभेच्छेपासून वेगळं ठेवा. एक-दोन दिवसांनी, साध्या कामकाजाच्या सुरात: ‘या महिन्यात कुठली मीटिंग मागेपुढे केलेली बरी पडत असेल तर सांगा.’ बस. त्यांनी काही सांगितलं तर बदला, नाही सांगितलं तर पुन्हा विचारू नका. आपण होऊन एक काळजी मात्र घेता येते. सूर्यास्ताच्या आसपासची मीटिंग टाळा किंवा आधी संपवा. रोजा सोडण्याची वेळ मिनिटावर ठरलेली असते, आणि स्क्रीनवर कुणाचा तरी आलेख चालू असताना खजूर तोंडात टाकायला कुणालाही संकोच वाटेल.

अजून एक, तुमच्या पत्रात नाही पण ऑफिसांत हमखास घडतं म्हणून सांगते. तुमचा हा उपक्रम एचआरपर्यंत पोचला आणि त्यांनी अरबी लिपीत शुभेच्छांचं पोस्टर करायचं ठरवलं, तर छापण्याआधी ते बघून घ्या. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. चित्रं बनवण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये ही जोडणी तुटते, अक्षरं सुटी पडतात आणि उलट्या क्रमाने लागतात. अरबी येणाऱ्याला ते वाचता येत नाही, न येणाऱ्याला त्यात काही चुकलंय हे कळत नाही, आणि पोस्टर महिनाभर लिफ्टशेजारी झळकत राहतं. तपासण्याची रीत सोपी आहे, लिपी येत नसली तरी जमते. ‘रमदान’ शब्दात उजवीकडचं पहिलं अक्षर एकटं असतं, मग तीन अक्षरं एकमेकांना जोडलेली, आणि डावीकडे शेवटचं, पोटात एक टिंब असलेलं वाटीसारखं अक्षर पुन्हा एकटं. ‘मुबारक’मध्ये उजवीकडची पहिली तीन जोडलेली आणि उरलेली दोन सुटी. दोन्ही शब्दांतली सगळीच अक्षरं वेगवेगळी उभी दिसली तर पोस्टर मोडलेलं आहे. ते दुरुस्त होईना तर शुभेच्छा तुमच्या नेहमीच्या लिपीतच छापा, तिचा मान काही कमी होत नाही. आणि तपासायला त्याच सहकाऱ्यांना गाठू नका, स्वतःलाच मिळणाऱ्या शुभेच्छांचं प्रूफ कुणी वाचायचं?

त्यांनी तुमच्या ‘रमदान मुबारक’ला फक्त ‘थँक यू’ म्हटलं तरी मन खट्टू करू नका. कामाच्या ठिकाणी इंग्रजीतच बोलायची सवय असलेली पुष्कळ माणसं असं करतात, आणि तुम्हाला अरबी उत्तर कळणार नाही म्हणून ते तुमची सोयही बघत असतील. पुन्हा अरबीत काही बोलून त्यांची परीक्षा घेऊ नका.

महिना संपताना शब्द बदलतो, ‘ईद मुबारक’. उत्तर तेच, ‘अल्लाह यबारिक फीकी’, तोवर ते तुमच्या कानाला सवयीचं झालेलं असेल. आणि चंद्राची भानगडही तीच. रमजान एकोणतीस दिवसांचा की तीस, हे एकोणतिसाव्या संध्याकाळी ठरतं, तेव्हा त्या दिवशी ऑफिसातून निघताना ‘ईद मुबारक’ म्हणू नका. ‘आगाऊ शुभेच्छा’ म्हणा, किंवा सरळ ईद झाल्यावर ते कामावर परततील तेव्हा बोला.